घटक चाचणीची पहिली पाच मिनिटं : सहावी ते आठवीला गणित शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

सहावी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांना आणि त्यांच्या मुख्याध्यापकांना, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रत्येक वर्गात असं एखादं मूल असतंच. वहीतली उदाहरणं बरोबर असतात, गृहपाठ वेळेवर येतो, तोंडी विचारलं तर रीतही सांगता येते. पण घटक चाचणीचा पेपर अर्धा कोरा. पालक येऊन म्हणतात, ‘घरी सगळं येत होतं हो.’ हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. आता संध्याकाळी आमच्या भागातली काही मुलं माझ्याकडे येतात. एका वेळी एकच मूल समोर असतं, त्यामुळे साठ मुलांच्या वर्गात जे दिसणं शक्य नसतं ते इथे दिसतं. आणि ‘घरी येत होतं’ हे वाक्य बऱ्याचदा अगदी खरं असतं.

या पत्राचं कारण सातवीतली एक मुलगी. तिचं नाव आणि शाळा दोन्ही सांगत नाही, कारण दोष कुणा एका शाळेचा नाही. लसावि-मसावि आणि परिमेय संख्या या दोन प्रकरणांवर तिची वीस गुणांची चाचणी झाली. गुण पडले चार. वडिलांनी पेपर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ‘अभ्यासच करत नाही, दुसरं काय.’

पेपर मी दोनदा वाचला. पहिल्यांदा उत्तरं बघितली, दुसऱ्यांदा खाडाखोड. गणिताच्या पेपरात खाडाखोड फार बोलकी असते. पहिल्या प्रश्नाच्या जागी कागद खोडरबराने इतका घासलेला की पलीकडची ओळ दिसावी. दुसरा प्रश्न कोरा. तिसऱ्यात ५/१२ + ७/१८ अशी बेरीज होती. तिथे तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून १२/३० लिहिलं होतं, आणि वर त्याला संक्षिप्त रूप देऊन २/५. म्हणजे जे बेरजेला हवं होतं ते सुचलं नाही, पण सहाने भाग जातो हे बरोबर सुचलं. शेवटचा प्रश्न मात्र, जो त्यातल्या त्यात अवघड होता, तिने नीट सोडवला होता. चारपैकी तीन गुण तिथलेच.

ज्याला विषयच येत नाही त्याचा पेपर असा दिसत नाही. त्याचे सोपे प्रश्न थोडेफार जमलेले असतात आणि अवघड सोडून दिलेले असतात. इथे उलटं होतं. सुरुवात कोसळलेली, आणि शेवटी, बहुधा ‘आता काय व्हायचं ते झालं’ असं वाटून हात मोकळा झाल्यावर, गणित जमलेलं. असा पेपर हाती आला की गुणांची बेरीज करण्याआधी जरा थांबा, एवढंच माझं पहिलं सांगणं.

तरी नुसत्या पेपरावरून निदान करू नये. मी तिला तीन-चार दिवसांनी तोच पेपर आकडे बदलून दिला. घड्याळ नाही, गुण नाहीत, आणि मी समोर न बसता शेजारी भाजी निवडत बसले. अशा वेळी तीन गोष्टी होऊ शकतात. सगळं बरोबर आलं तर अडचण परीक्षेच्या परिस्थितीत आहे. त्याच चुका पुन्हा झाल्या तर मुळात समजलेलं नाही, आणि मग भीतीबद्दल बोलण्याआधी शिकवायला हवं. तिसरी शक्यता अशी की उत्तर बरोबर येतं, पण फार वेळाने आणि ओठ हलवत, बोटं मोजत. या मुलीचं तिसरं होतं. बहुतेक सगळं बरोबर, पण सात आठे हवे झाले की ती सात पाचे पस्तीसपासून सुरू करून बेचाळीस, एकोणपन्नास, छप्पन्न अशी चढत जायची. शांतपणे बसल्यावर यात काहीच बिघडत नाही. चाचणीत बिघडतं, आणि ते नेमकं का हे समजून घेणं आपल्या कामाचं आहे.

वरचीच बेरीज घ्या. ५/१२ + ७/१८. बारा आणि अठरा यांचा लसावि छत्तीस. छत्तीसात बारा तीन वेळा, म्हणून पाच त्रिक पंधरा. हे पंधरा डोक्यात धरून ठेवायचे आणि दुसऱ्या अपूर्णांकाकडे जायचं. छत्तीसात अठरा दोन वेळा, सात दुणे चौदा. आता मघाचे पंधरा परत आणायचे, चौदा मिळवायचे, एकोणतीस, आणि खाली छत्तीस आहे हे विसरायचं नाही. उत्तर २९/३६. आपल्याला हे एका दमात होतं कारण पाढे आपोआप येतात आणि डोक्यात फक्त पंधरा आणि छत्तीस धरून ठेवावे लागतात. पाढा चढत चढत म्हणणाऱ्या मुलीला प्रत्येक टप्प्यावर आणखी दोन-तीन आकडे धरावे लागतात. आणि त्याच वेळी डोक्यात दुसरं बोलणं चालू असतं : वेळ किती झाला, शेजारची पुरवणी मागतेय, आपलं पहिलंच झालेलं नाही. हे बोलणंही डोक्यातल्या त्याच जागेत चालतं. मग पंधरा सांडतात. पंधरा सांडले की सगळी रीत सांडते, आणि हाताला जे सर्वांत जुनं आणि सोपं येत असतं ते तो करून टाकतो : वर वरचं, खाली खालचं.

हे केवळ माझं निरीक्षण नाही. मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही अक्षरं लक्षात ठेवायला सांगून मधेच बेरजा करायला दिल्या. गणिताची धास्ती असलेल्यांच्या चुका सर्वांत जास्त कुठे वाढल्या? हातचा घ्यावा लागणाऱ्या बेरजांत, आणि तेही अक्षरांचं ओझं जास्त असताना. म्हणजे धास्ती बुद्धी कमी करत नाही. हातचा धरून ठेवायची जागा ती अडवते.

याचा एक अर्थ फार महत्त्वाचा आहे. ‘घाबरू नकोस, तुला येतं’ असं सांगून ती जागा मोकळी होत नाही. उलट ‘मी घाबरतेय का’ ही आणखी एक गोष्ट डोक्यात शिरते. जागा मोकळी करायचे मार्ग दोनच. गणिताला लागणारी जागा कमी करायची, नाहीतर धास्तीला लागणारी. आम्ही दोन्ही केलं.

गणिताची जागा कमी करायची तर पाढे आलेच. पण ते धडाधड म्हणून घेण्याला माझा विरोध आहे. बारापर्यंतच्या पाढ्यांत मुलांना न येणाऱ्या जागा खरं तर थोड्याच असतात : सहा, सात, आठ, नऊ आणि बारा यांचे आपसांतले गुणाकार. बाकीचं बहुतेक येत असतं. तेवढ्याच जागा चिठ्ठ्यांवर लिहून रोज पाच मिनिटं, क्रम बदलून, घड्याळाशिवाय विचारल्या. चुकलेली चिठ्ठी परत गठ्ठ्यात, तीन चिठ्ठ्यांनंतर पुन्हा वर येईल अशी. सबंध पाढा एका सुरात म्हणता येणाऱ्या मुलालाही मधलाच गुणाकार विचारला की पहिल्या पायरीपासून चढावं लागतं, हे तुम्ही पाहिलं असेल. परीक्षेत कुणी सबंध पाढा विचारत नाही.

दुसरं, डोक्यात काही ठेवायचं नाही. पंधरा आले की लगेच कागदावर. तिची एक समजूत मोडायला वेळ लागला. हुशार मुलं पायऱ्या गाळतात, म्हणून सगळ्या पायऱ्या लिहिणं म्हणजे ढब्बूपणा, असं तिच्या मनात बसलं होतं. ही समजूत वर्गात तयार होते. फळ्यावर आपणच दोन पायऱ्या गाळतो आणि ‘हे तोंडी होतं’ म्हणतो. ज्याला होतं त्याला होतं. तिच्या वहीत आम्ही उजव्या बाजूला रेघ मारून कच्च्या कामाची पट्टी ठेवली आणि खोडायला मनाई केली. चुकलं तर एक आडवी रेघ, आणि खाली पुन्हा. खोडरबर फिरत असताना पेन्सिल थांबलेली असते, आणि थांबलेल्या पेन्सिलीबरोबर धास्ती वाढते.

तिसरं, अंदाज. ५/१२ म्हणजे अर्ध्याहून जरा कमी. ७/१८ हेही अर्ध्याहून जरा कमी. मग बेरीज एकाच्या थोडी अलीकडे यायला हवी. २/५ तर पहिल्या ५/१२ पेक्षाही लहान आहे! मिळवल्यावर संख्या कमी कशी होईल? हे तिला कळलं तेव्हा ती हसली, आणि आपला पेपर आपणच तपासता येतो हे तिला पहिल्यांदा जाणवलं. उत्तर काढण्याआधी अंदाज लिहिणं ही सवय चुका पकडते, शिवाय हाताला सुरुवातीलाच एक सोपं काम देते. याला पाठ्यपुस्तकात जागा फार कमी आहे आणि पेपरात एकही गुण नाही. तो द्यायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही.

आता धास्तीची जागा. मी तिला सांगितलं, चाचणीत काय वाटतं ते लिहून काढ, मला दाखवायची गरज नाही. तिने लिहिलं आणि दाखवलंही. नापास होण्याची भीती त्यात नव्हतीच. ‘पहिलं गणित नाही आलं की बाई मागे येऊन उभ्या राहतात’ हे एक वाक्य होतं. आणि दुसरं, ‘गुण वाचतात तेव्हा माझा नंबर येईपर्यंत पोटात दुखतं.’ पर्यवेक्षण करताना कोऱ्या कागदापाशी आपले पाय आपोआप थांबतात. हेतू चांगला असतो. पण पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेखाली लसावि काढणं कसं असतं, हे शिक्षकांच्या प्रशिक्षणात कुणी अधिकारी मागे उभा राहिला की आपल्यालाही कळतं.

परीक्षेच्या आधी मनातलं लिहून काढण्यावर हेरार्डो रामिरेझ आणि सायन बेलॉक यांचं काम २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. परीक्षेपूर्वी दहा मिनिटं आपल्या काळज्या लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले, आणि सुधारणा मुख्यतः ज्यांना परीक्षेची धास्ती होती त्यांच्यात दिसली. सगळ्या मुलांना हे मानवत नाही. काहींना लिहिताना उलट जास्त घाबरल्यासारखं होतं, तेव्हा सोडून द्यावं. माझ्या अनुभवात त्याचा खरा फायदा वेगळाच आहे : भीती ‘गणिताची’ राहत नाही, एखाद्या ठरावीक गोष्टीची होते, आणि ठरावीक गोष्टीवर काहीतरी करता येतं.

सर्वांत जास्त वेळ गेला तो चाचणीची सवय लावण्यात. इथे बहुतेक घरी आणि क्लासमध्ये नेमकी उलटी गोष्ट होते. मूल घाबरतं म्हणून त्याच्याकडून रोज वेळ लावून पूर्ण पेपर सोडवून घेतात. रोज तेच गोठणं, रोज तेच चार गुण. सराव होतो तो गोठण्याचा.

आम्ही पायरी पायरीने गेलो. आधी पाच प्रश्नांचा कागद, त्यातले चार तिला नक्की येणारे आणि एक जरा वरचा. घड्याळ नाही. नंतर तसाच कागद, पण वेळ मी मोजायची आणि तिला सांगायची नाही. नंतर तीच घड्याळ सुरू करणार आणि तीच बंद करणार. वेळेची मर्यादा नाही, फक्त नोंद. स्वतः सुरू केलेलं घड्याळ आणि दुसऱ्याने लावलेलं घड्याळ यांत फार फरक असतो. त्यानंतर मर्यादा आली, पण तिला लागणाऱ्या वेळेच्या दीडपट. मग मर्यादा हळूहळू खाली. शेवटची पायरी म्हणजे अनोळखी जागा : तिच्या मावशीच्या घरी, दुसरी दोन मुलं लिहीत असताना. एका पायरीवर दोन-तीनदा निभावलं की पुढे, गोठली की एक पायरी मागे. एकदा शाळेची चाचणी जवळ आली म्हणून मधली पायरी गाळली, तर पुन्हा पहिला प्रश्न कोरा. परत मागे गेलो आणि चाचणी तशीच होऊ दिली.

या काळात गुण मोजायचे नाहीत. मग सुधारणा कशावरून ओळखायची? मी तीन गोष्टी बघत होते. कागद हातात पडल्यापासून पहिली ओळ लिहीपर्यंत किती वेळ जातो, किती प्रश्न पूर्ण कोरे राहतात आणि किती जागी खाडाखोड आहे. यांतली पहिली सर्वांत आधी सुधारते. सुरुवातीला तिची पेन्सिल पाच-पाच मिनिटं हवेत असायची. ती लवकर खाली टेकायला लागली तेव्हाही गुण पूर्वीचेच होते, आणि वडिलांना वाटत होतं की काहीच होत नाही. मला माहीत होतं की होतंय.

पेपर हाती आल्यावर काय करायचं हेही ठरवून टाकलं, म्हणजे त्या क्षणी ठरवावं लागणार नाही. सगळा पेपर एकदा वाचायचा. नक्की येतं तिथे बरोबरची खूण, बहुतेक येईल तिथे टिंब, बाकी ठिकाणी काही नाही. सुरुवात खूण केलेल्या प्रश्नापासून, मग तो कितवाही असो. मधेच अडकलं तर पेन्सिल खाली ठेवायची, दोन-तीन श्वास असे घ्यायचे की सोडायला आत घेण्यापेक्षा जास्त वेळ लागेल, आणि मग उदाहरणात दिलेली माहिती फक्त उतरवून काढायची. उत्तर नाही, नुसती माहिती. हात चालू झाला की बऱ्याचदा पुढची पायरी दिसते. नाही दिसली तर अर्धं पान सोडून पुढच्या प्रश्नाकडे.

इथे तुमची गरज पडली. तिच्या शाळेत प्रश्न क्रमानेच सोडवायचे असा नियम होता, तपासायला सोपं जावं म्हणून. मी तिच्या बाईंना भेटले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला त्यांचं वेळापत्रक दाखवलं, आणि ते पाहून माझी आधीची बरीच वाक्यं घशातच राहिली. सहा तुकड्या, शिवाय सरकारी कामं, ऑनलाइन भरायची माहिती. त्यामुळे खाली जे मागते आहे ते वेळ न वाढवता करता येईल असंच आहे.

क्रमाचा नियम सोडा. प्रश्नक्रमांक ठळक लिहिला की तपासताना अडचण येत नाही. दहावीच्या पेपरातही मुलं मागचेपुढचे प्रश्न सोडवतात.

चाचणीतला पहिला प्रश्न वर्गात सोडवलेल्या उदाहरणासारखाच द्या, हवं तर अगदी तोच. त्याने निकाल फुगत नाही, एका गुणाचा काय तो फरक. पण पहिली पाच मिनिटं ज्याची नीट जातात त्याचे उरलेले प्रश्न त्याच्या तयारीप्रमाणे सुटतात, आणि तुम्हाला मोजायची असते ती तयारीच. पेपर काढून झाला की स्वतः मुलांसारख्या सगळ्या पायऱ्या लिहून सोडवून बघा. तुम्हाला मुलांच्या वेळेच्या निम्म्याहून जास्त वेळ लागला तर पेपर लांब झाला आहे. मग ती चाचणी गणिताची राहत नाही, लिहिण्याच्या वेगाची होते.

गुण मोठ्याने वाचू नका. पेपर उलटे ठेवून वाटा. मुख्याध्यापकांना इथे मुद्दाम आठवण करून देते की शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ मध्ये मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. गुण वाचणं म्हणजे छळ असं मी म्हणत नाही. पण कायद्यातलं ते वाक्य कुठे लागू पडतं असा प्रश्न आला तर पेपर वाटण्याचा तास हे चांगलं उत्तर आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ साठी गणितावर जे आधारपत्र झालं त्यातही बहुसंख्य मुलांमध्ये असलेली भीती आणि अपयशाची भावना ही गणित शिक्षणाची पहिली मोठी अडचण म्हणून नोंदवली आहे. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दरम्यान आपल्याकडे पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणं पुन्हा आवश्यक झालं आहे, म्हणजे आठवीच्या उंबरठ्यावर हे मूल आणखी घाबरून येणार.

फळ्यावर बोलवायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा : उद्या तिसरं उदाहरण तू. अचानक बोलावल्याने मूल सावध राहतं हा आपला आवडता समज आहे. सावध राहतं खरं, पण सगळं लक्ष ‘आता माझं नाव येतंय का’ इकडे असतं आणि फळ्यावर काय चाललंय इकडे नसतं.

आणि पेपर तपासताना लाल रेघेच्या जागी तीनच अक्षरं वापरून बघा. आकडेमोड चुकली तर ‘आ’, रीत चुकली तर ‘री’, प्रश्न वाचण्यात चूक झाली तर ‘वा’. रेघ मारायला लागतो तेवढाच वेळ लागतो. चार गुणांच्या पेपरावर अकरा लाल फुल्या आणि त्याच पेपरावर आठ ‘आ’, दोन ‘वा’ आणि फक्त एक ‘री’ यांत त्या मुलीसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या पेपरावरून तिला कळतं की रीत येते आहे आणि काम पाढ्यांवर करायचं आहे. ज्यांना दुरुस्त करून आणायचं त्यांना एका आठवड्यात आणू द्या आणि दुरुस्तीला अर्धे गुण द्या. आकारिक मूल्यमापनात तुम्हाला एवढी मोकळीक असतेच.

पालकसभेत ‘घरी सराव घ्या’ हे वाक्य मात्र जपून वापरा. ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती आहे त्यांनी गृहपाठात वारंवार मदत केली तर पहिली-दुसरीतली मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची धास्ती वाढली, असं २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं. मुलं लहान होती आणि देश वेगळा, तरी रात्री साडेनऊला आपल्या घरांतून जे आवाज येतात ते ऐकले तर पटायला जड जात नाही. या मुलीच्या आईला मी सांगितलं, तुम्ही शिकवू नका. रोज पाच मिनिटं चिठ्ठ्या विचारा आणि ‘मला पण गणित कधी जमलं नाही’ हे वाक्य घरात बोलू नका. धीर द्यायला म्हणून म्हटलेलं असतं ते, पण मुलीला त्यात अनुवंश ऐकू येतो.

या सगळ्याला मर्यादा आहेत. शांत बसून, घड्याळाशिवाय, शेजारी कुणी नसतानाही सातवीतल्या मुलाला ४७ मोठे की ७४ हे ठरवायला वेळ लागत असेल, आकडे उलटे लिहिले जात असतील, बेरीज-वजाबाकीची चिन्हंच गोंधळात टाकत असतील, आणि हे पहिलीपासून चालत आलेलं असेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तपासणी करून प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. आणि पोटदुखी, उलटी, शाळेत न जाण्याचा हट्ट हे गणितापुरतं न राहता सगळ्या विषयांना लागलं असेल तर चिठ्ठ्या आणि घड्याळ बाजूला ठेवून समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे जावं. यांतलं काय आहे हे आधी तुमच्याच लक्षात येतं, पालकांच्या नाही.

त्या मुलीचं पुढे काय झालं असं तुम्ही विचाराल. पुढच्या चाचणीत तिला वीसपैकी अकरा मिळाले. अकरा म्हणजे फार नव्हेत. पण एकही प्रश्न कोरा नव्हता, आणि चुकलेल्या प्रश्नांत बहुतेक ठिकाणी तिच्या बाईंनी ‘आ’ लिहिलं होतं. बाईंनी क्रमाचा नियमही त्या तुकडीपुरता काढला आणि पर्यवेक्षणाला असताना वर्गाच्या पुढेच बसल्या. वडील अजून म्हणतात की अकरा कमी आहेत. पाढ्यांचं काम चालू आहे. सत्र परीक्षेचा पेपर मोठा असतो आणि वेळही वेगळा, त्यामुळे तिथे एखादी पायरी मागे जावं लागेल असं मी धरून चालले आहे.

तुमची पुढची घटक चाचणी बहुधा याच महिन्यात असेल. तिच्यापुरता पहिला प्रश्न ओळखीचा ठेवा, सुरुवातीची पाच मिनिटं बाकांमधून फिरू नका, आणि पेपर तपासताना सुरुवात कोरी पण शेवट बरोबर असे पेपर वेगळे काढा. त्यांतल्या प्रत्येकाला तोच पेपर आकडे बदलून, मधल्या सुट्टीत, गुणांशिवाय पुन्हा सोडवायला द्या.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका